जंगल-नदी वाचवताना कुठला युक्तिवाद टिकतो? 'उपयोगाचं आहे म्हणून' की 'ते आहे म्हणून'?

सुमेधा_ज

एखादं नैसर्गिक जंगल किंवा नदी वाचवण्यासाठी हरकतीचं निवेदन लिहायला बसलं की मसुद्यावरचा पहिला वाद हमखास एकाच गोष्टीवरून होतो. काही जण म्हणतात, जंगलाचे उपयोग लिहा. पाणी, माती, कार्बन, परागीभवन, आणि जमेल तिथे पैशात आकडा द्या, कारण समोरचा माणूस आकडाच वाचतो. बाकीचे म्हणतात, आकडा दिला की सौदा सुरू झाला. माणसाला उपयोग असो वा नसो, जंगलाला स्वतःचं अंगभूत मूल्य आहे हे पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट सांगा.

दोन्ही बाजूंचं म्हणणं कळतं. पण एकाच कागदावर दोन्ही मांडलं की एक दुसऱ्याचे पाय ओढतं. म्हणून दोन प्रश्न. साधनमूल्याचा, म्हणजे उपयोगाचा, युक्तिवाद नेमका कुठे तुटतो? आणि अंगभूत मूल्याचा युक्तिवाद प्रत्यक्ष निर्णयात काही काम करतो, की फक्त प्रस्तावनेत शोभून दिसतो? शक्यतो घडलेल्या उदाहरणांवरून बोलूया. 'दोन्ही तितकंच महत्त्वाचं' एवढ्यावर थांबू नये ही विनंती.

नीलकमल

यात वाद कसला? नदी पवित्र आहे असं मानलं की झालं. अंगभूत मूल्य म्हणजे पावित्र्यच ना?

रानपिंगळा

नीलकमल, तसं नाही. पावित्र्य हे माणसाचं त्या नदीशी असलेलं नातं आहे. ते खरं असतं, मोलाचंही असतं, पण मानणारी माणसं उद्या राहिली नाहीत तर त्याचं काय होणार? अंगभूत मूल्याचा दावा असा की कुणी मानलं नाही तरी ते आहे. शिवाय नदी पवित्र मानणारेच तिच्यात सांडपाणी सोडतात हे अनेक देशांत दिसतं, म्हणजे पावित्र्य आपोआप संरक्षण देत नाही.

सुमेधाताईंच्या पहिल्या प्रश्नावर माझ्या मते सगळ्यात स्वच्छ उदाहरण कोस्टा रिकातल्या कॉफीच्या मळ्याचं आहे. जरा सविस्तर लिहितो.

मळ्याला लागून जंगलाचे दोन तुकडे होते, एक 46 हेक्टरचा आणि दुसरा 111 हेक्टरचा. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी मोजलं की जंगलापासून साधारण एक किलोमीटरच्या आत कॉफीचं उत्पादन 20 टक्क्यांनी जास्त येतं, कारण जंगलातल्या रानमाश्या फुलांवर येतात. फळात दोनऐवजी एकच गोल बी धरण्याचं प्रमाणही 27 टक्क्यांनी कमी झालं होतं. त्या एका मळ्यासाठी दोन तुकड्यांची किंमत निघाली वर्षाला सुमारे 60,000 डॉलर. संवर्धनवाल्यांना हा आकडा फार आवडला, आणि मोजणी खरोखरच काळजीपूर्वक केलेली होती.

पुढे कॉफीचे भाव पडले. मालकांनी कॉफी काढून अननस लावला. अननसाला माश्या लागत नाहीत, उलट वेगळ्या वाणाचे पराग आले तर फळात बिया धरतात आणि माल खराब होतो. म्हणजे जंगल तेच, माश्या त्याच, हेक्टरही तेवढेच. परागीभवनाची किंमत मात्र 60,000 वरून जवळपास शून्यावर आली.

माझा मुद्दा एवढाच की अभ्यासात चूक नव्हती. साधनमूल्य हे जंगलाचं मोजमाप नसतंच मुळी. जंगल आणि त्याच्या शेजारचा धंदा यांच्यातल्या व्यवहाराचं ते मोजमाप असतं. धंदा बदलला की मोजमाप बदलतं. निवेदनात जंगलाची 'किंमत' लिहिताना ही अट कुणीच लिहीत नाही.

हिशेबनीस

रानपिंगळा, उदाहरण मान्य, निष्कर्ष अर्धाच मान्य. त्या हिशेबात फक्त परागीभवन धरलं होतं. पाणी, मातीची धूप, कार्बन हे धरलंच नव्हतं. एक सेवा शून्य झाली म्हणजे जंगलाचं साधनमूल्य शून्य झालं असं होत नाही. मूल्यांकन अपुरं होतं, तर ते पूर्ण करा.

मला यापेक्षा मोठा धोका सवलतीच्या दरात दिसतो, म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढताना दरवर्षी जितके टक्के कमी धरतात त्यात. हाच 60,000 चा आकडा घ्या आणि तो कायम मिळत राहील असं समजा. आजच्या घडीला त्याची एकूण किंमत किती? वार्षिक लाभाला दराने भागायचं. 3 टक्के दर धरला तर 20 लाख डॉलर. 8 टक्के धरला तर साडेसात लाख. 10 टक्क्यांना 6 लाख. जंगल एका पानाने बदललं नाही आणि किंमत तिपटीहून जास्त हलली. प्रकल्पाच्या अहवालात हा दर कुठेतरी परिशिष्टात एका ओळीत असतो. हरकत घेणाऱ्याने सगळ्यात आधी ते पान काढावं.

लांबच्या काळाला तर हा दर मारूनच टाकतो. 100 वर्षांनी होणारं 1 लाखाचं नुकसान 5 टक्के दराने आज फक्त 760 च्या आसपास दिसतं. जंगल तुटल्याचा तोटा शतकभर पसरलेला असतो आणि प्रकल्पाचा नफा पहिल्या वीस-तीस वर्षांत येतो. तेव्हा तागडं कुठे झुकणार हे दर ठरवतानाच ठरलेलं असतं.

अवांतर

थोडक्यात, नातवाच्या वाटणीचं जंगल 760 मध्ये. पावती मिळेल का? 😄

बाळू_प

हिशेबनीस, मग अंगभूत मूल्यही हिशेबात घ्या की. त्याची पद्धत आहे. लोकांना विचारायचं, 'तुम्ही कधी जाणार नाही, वापरणार नाही, तरी ही नदी नुसती असावी म्हणून किती पैसे द्याल?' त्याला अस्तित्वमूल्य म्हणतात. 1989 साली अलास्कात 'एक्सॉन व्हाल्डेझ' जहाजातून तेल सांडलं तेव्हा असंच सर्वेक्षण करून 2.8 अब्ज डॉलरचा आकडा काढला होता. म्हणजे अंगभूत मूल्य मोजता येतं. वाद मिटला.

हिशेबनीस

बाळू, सर्वेक्षण झालं होतं आणि आकडाही बरोबर आहे. पण ते अंगभूत मूल्य नव्हे. लोकांना ती नदी असल्याचं जे समाधान वाटतं, त्याची ती किंमत. मूल्य पुन्हा माणसाच्या मनातच राहिलं, फक्त वापर लागला नाही.

ही पद्धत कुठे घसरते तेही बघा. तेलाच्या डबक्यांत पडून मरणारे स्थलांतरित पक्षी वाचवायला किती द्याल असं अमेरिकेत विचारलं होतं. एका गटाला 2,000 पक्षी सांगितले, दुसऱ्याला 20,000, तिसऱ्याला 2 लाख. सरासरी उत्तरं आली 80, 78 आणि 88 डॉलर. पक्षी शंभरपट झाले आणि रक्कम जागची हलली नाही. लोक त्या पक्ष्यांची किंमत सांगतच नव्हते, चांगल्या कामाला आपण साधारण किती देतो ते सांगत होते. यावर अर्थशास्त्रज्ञांत अजून भांडणं आहेत. काहींच्या मते प्रश्न नीट विचारला तर आकडे हलतात. पण निवेदनात असा आकडा टाकलात तर समोरचा सल्लागार नेमकं हेच उदाहरण पुढे करेल, तेव्हा तयारी असू द्या.

आणि एक, गरीब माणूस कमी रक्कम सांगतो. म्हणून जंगलाचं मूल्य कमी धरायचं का?

बाळू_प

हे शेवटचं पटलं. पण मग मोजायचंच नाही तर कोर्टात दाखवायचं काय? 'मूल्य आहे हो' म्हणून रडायचं?

पाटबंधारे_निवृत्त

मध्येच बोलतो. निवेदनांत एक वाक्य कायम असतं: 'जंगल राहिलं तर नदीला पाणी वाढेल.' हे लिहिणं कृपया थांबवा. झाडं पाणी पितात आणि बाष्पावाटे हवेत सोडतात. पाणलोटांच्या जोड्या घेऊन, एकावरचं जंगल तोडून आणि दुसऱ्यावरचं तसंच ठेवून जगभर मोजमापं झाली आहेत. 1982 साली अशा 94 पाणलोटांचा एकत्रित आढावा निघाला. पाइन आणि निलगिरीच्या वनात झाडोरा 10 टक्क्यांनी कमी केला की वर्षाला नदीत येणारं पाणी सुमारे 40 मिलिमीटरने वाढतं. पानगळीच्या झाडांत 25 च्या आसपास, झुडपांत 10.

म्हणजे वर्षाच्या एकूण पाण्याचा हिशेब मांडला तर तो जंगलाच्या विरोधात जातो. जलशास्त्र जाणणारा एक माणूस समोर बसला असेल तर तुमचं अख्खं निवेदन या एका वाक्यावर पाडतो. जंगल काय देतं ते नेमकं लिहा. गाळ कमी, पाणी स्वच्छ, जमिनीत मुरण्याचा वेग जास्त. उन्हाळी प्रवाहाबद्दल जपून लिहा. तो मातीच्या जाडीवर आणि तोडल्यानंतर जमिनीचं काय होतं यावर अवलंबून असतो. माती तुडवली गेली, घट्ट झाली, तर मुरणं बंद होऊन उन्हाळ्यात प्रवाह आटतो. तशी राहिली तर कदाचित आटणारही नाही.

रानपिंगळा

काका, लाखमोलाचा प्रतिसाद. साधनमूल्याचा युक्तिवाद तुटण्याची ही दुसरी जागा: हिशेब मान्य केलात की त्यातली तोट्याची बाजूही मान्य करावी लागते.

ओढ्याकाठी

माझा प्रश्न वेगळा आहे, धाग्यात बसत नसेल तर सांगा. शेताच्या कडेने ओढा आहे, काठाला जुनी झाडी. काठ ढासळतो म्हणून झाडी काढून दगडांच्या जाळीची भिंत घालायचं चाललंय. सगळे म्हणतात भिंत झाडांपेक्षा मजबूत. तिथे कुठलं मूल्य सांगू?

पाटबंधारे_निवृत्त

अगदी बसतं. तिथे मूल्याच्या आधी कामांची यादी करा. झाडी सध्या काय काय करते ते एकेक लिहा आणि प्रत्येकापुढे विचारा, हे काम भिंत करेल का?

काठ धरून ठेवणं: भिंत करेल, काही वर्षं झाडांपेक्षा चांगलंही करेल. शेतातून येणारा गाळ आणि खत अडवणं: भिंत करणार नाही, ते थेट पाण्यात जाईल. पाण्यावर सावली धरणं: नाही. ऊन थेट पडलं की पाणी तापतं, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि खतं आधीच आलेली असतील तर शेवाळ माजतं. पाण्यात पाचोळा पडणं: नाही, आणि लहान ओढ्यातल्या बहुतेक किड्यांचं पोट त्या पाचोळ्यावरच असतं. पूर आला की काठावर पसरू देणं: भिंत उलट करते. पाणी वेग घेऊन खालच्या शेजाऱ्याच्या काठावर जातं, आणि भिंत संपते तिथेच पुढचं ढासळणं सुरू होतं. ते ठिकाण आधी बघून ठेवा. पायाखालचा तळ खरवडला गेला की भिंतही पुढे कलते, म्हणून 'मजबूत' हा शब्द किती वर्षांसाठी ते विचारा.

एवढं लिहिलंत की 'झाडी की भिंत' हा वाद 'एका कामासाठी चार कामं घालवायची का' असा होतो.

ओढ्याकाठी

धन्यवाद काका. छापून घेतो.

रानपिंगळा

काकांची यादी उत्तम आहे, पण सुमेधाताईंच्या प्रश्नासाठी तिच्यातलीच अडचण दाखवतो. उद्या कुणी म्हणालं, 'भिंतीबरोबर सावलीला एका जातीची भराभर वाढणारी झाडं लावतो, गाळ अडवायला गवताचा पट्टा करतो', तर यादीतल्या बहुतेक ओळींपुढे 'करेल' लिहावं लागतं. जुनी झाडी गेलेलीच असते. यादी कामं वाचवते, झाडी नाही.

हेच मोठ्या प्रमाणावर न्यूयॉर्क शहराच्या पाण्यात दिसतं. ते उदाहरण सगळीकडे अर्धवट सांगितलं जातं.

1989 च्या नियमांनुसार अमेरिकेत उघड्या जलाशयांचं पाणी गाळूनच द्यायचं, आणि सूट हवी असेल तर मूळ पाणीच स्वच्छ असल्याचं सिद्ध करायचं. कॅट्सकिल आणि डेलावेअर खोऱ्यांच्या पाण्यासाठी गाळण केंद्र बांधायचं तर अंदाज होता 6 ते 8 अब्ज डॉलर. शहराने 1997 साली खोऱ्यातल्या गावांशी करार केला. राजीखुशीने विकणाऱ्यांकडून जमिनी घ्यायच्या, सांडपाणी केंद्रं सुधारायची, घरांच्या मैलाटाक्या दुरुस्त करायच्या, शेतांसाठी आराखडे करायचे. याचा खर्च साधारण दीड अब्ज धरला होता. एवढंच सांगून लोक थांबतात: जंगल यंत्रापेक्षा स्वस्त पडलं.

आता उरलेलं. त्याच शहराला क्रोटन नावाच्या तिसऱ्या खोऱ्यातूनही पाणी येतं, एरवी साधारण दहावा भाग. त्या बाजूला उपनगरं वाढली होती, तिथे सूट टिकली नाही आणि शहराने 3 अब्जांहून जास्त खर्चून गाळण केंद्र बांधलं. ते 2015 साली सुरू झालं. आता क्रोटनच्या झाडोऱ्यासाठी 'केंद्र बांधायचा खर्च वाचतो' हे कारण देता येत नाही, कारण केंद्र उभं आहे. पर्याय आला की तो युक्तिवाद संपतो.

आणि कॅट्सकिलच्या बाजूला नेमकं काय जपलं जातं तेही बघा. गढूळपणा आणि जंतू कमी असणं. जंगल असूनही मोठं वादळ आलं की ओढ्यांच्या काठातली जुनी चिकणमाती सुटते, आणि पाणी फार गढूळ झालं की केन्सिको जलाशयाच्या तोंडाशी तुरटी सोडून गाळ खाली बसवावा लागतो. त्याच जलाशयावर हंस-बदकं आणि कुरव पक्षी रात्री उतरले की विष्ठेतून जंतू वाढतात, म्हणून बोटी फिरवून, आवाजाचे बार काढून त्यांना हुसकावलं जातं. यात शहराची चूक नाही, लाखो माणसं ते पाणी पितात. पण 'पाण्यासाठी निसर्ग जपला' या वाक्यात पक्षी खर्चाच्या रकान्यात बसलेत हे विसरू नये.

अवांतर

म्हणजे झाडांना पगार आणि बदकांना नोटीस.

हिशेबनीस

रानपिंगळा, हे सगळं मान्य करूनही विचारतो: 1997 साली 'खोऱ्याला अंगभूत मूल्य आहे' असं सांगून तो पैसा निघाला असता का? मला नाही वाटत. ज्या जमिनी घेतल्या त्या आजही बांधकामापासून वाचल्या आहेत. कारण कुठलंही असो, जंगल उभं आहे.

रानपिंगळा

नसता निघाला. याबाबत तुमचं बरोबर आहे.

कलम_कसाई

कायद्याच्या बाजूने लिहितो. बाळू विचारत होता ना, कोर्टात दाखवायचं काय. अंगभूत मूल्य कोर्टात रक्कम म्हणून चालत नाही, ते पुराव्याचा भार कुणावर हे बदलतं. तिथेच त्याचं खरं काम आहे.

इक्वाडोरच्या 2008 च्या राज्यघटनेत निसर्गाला हक्क दिले आहेत. तिथल्या लोस सेद्रोस नावाच्या धुक्याच्या जंगलाच्या मोठ्या भागावर सरकारी खाण कंपनीला शोधकामाची परवानगी मिळाली होती. 2021 च्या अखेरीस घटना न्यायालयाने ती रद्द केली. शोधकाम ही सुरुवातीची पायरी, म्हणून पूर्ण अभ्यासाशिवाय पर्यावरण नोंदणीवरच भागवलेलं होतं. नेहमीच्या तर्काने कोर्ट म्हणालं असतं, नुकसान सिद्ध करा, मग थांबवू. इथे घटनेच्या 73 व्या कलमात असं आहे की ज्या कामाने प्रजाती नष्ट होऊ शकतात किंवा परिसंस्था उद्ध्वस्त होऊ शकतात, तिथे राज्याने खबरदारी आणि निर्बंध लावायचेच. त्या जंगलात तपकिरी डोक्याच्या कोळी-माकडासारख्या अत्यंत संकटग्रस्त प्रजाती आहेत. एवढी शक्यता पुरेशी धरली गेली. 'नुकसान होणार नाही' हे दाखवायची जबाबदारी परवानगी देणाऱ्यावर आली, आणि त्याच्याकडे अभ्यासच नव्हता.

लक्षात घ्या, तांबं किती निघेल आणि माकडाची किंमत किती ही तुलना कुठेच करावी लागली नाही. माकडाचा उपयोग काय, हेही सिद्ध करावं लागलं नाही.

बाळू_प

मग सगळीकडे नदीला माणसाचा दर्जा द्या! न्यूझीलंडने दिलाय. गंगेलाही दिला होता.

कलम_कसाई

बाळू, दोन्ही नीट वाचावे लागतील. गंगा-यमुनेला उत्तराखंड उच्च न्यायालयाने मार्च 2017 मध्ये व्यक्तीचा दर्जा दिला आणि त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. राज्याची एक अडचण अशी होती की नदी जर व्यक्ती, तर पुराने घर वाहून गेलं की भरपाईचा दावा नदीवर लावायचा का, आणि मग भरायचं कुणी? प्रश्न विचित्र वाटतो, पण कायद्याने व्यक्ती झालं की हक्कासोबत दायित्वही येतं. नदीच्या वतीने बोलणार कोण, त्याला पैसा कुठून, अधिकार कुठवर, हे आधी बांधलेलं नव्हतं.

न्यूझीलंडने वांगानुई नदीबाबत 2017 च्या कायद्यात ते बांधलं. नदीचा चेहरा म्हणून दोन व्यक्ती नेमायच्या, एक माओरींकडून आणि एक सरकारकडून. नदीच्या आरोग्यासाठी 3 कोटी न्यूझीलंड डॉलरचा निधी. डोंगरापासून समुद्रापर्यंत नदी एकसंध जिवंत घटक आहे असं कायदा म्हणतो, आणि त्यात अंगभूत मूल्यं नावानिशी लिहिली आहेत. पण त्याच कायद्याने सरकारकडे असलेला नदीचा तळ नदीच्या नावे केला, पाण्याची मालकी दिली नाही. आधीचे परवाने चालू राहिले. वरच्या खोऱ्यातलं पाणी वीजप्रकल्पासाठी वळवलं जातं ते या कायद्याने थांबलं नाही. नव्या निर्णयात नदीच्या दर्जाची दखल घ्यावी लागते, जुना निर्णय मोडत नाही.

म्हणून दर्जा दिला म्हणजे झालं असं समजू नका. परवाने, निधी आणि बोलणारा माणूस, या तीन गोष्टी तपासा.

मुक्ता_व

सगळे एक गोष्ट टाळत आहेत. 'जंगलाला स्वतःचं मूल्य आहे, माणसाच्या उपयोगाचं बघू नका' हे वाक्य ज्यांच्या विरोधात वापरलं गेलं ते खाणवाले नव्हते, जंगलात राहणारे लोक होते. त्यांचा लाकूडफाटा, मध, चराई 'उपयोग' ठरली आणि त्यांना बाहेर काढलं गेलं. वांगानुईचा कायदा चालतोय तो अंगभूत मूल्याच्या तत्त्वज्ञानामुळे नाही. तिथे माओरी दीड शतकाच्या आसपास नदीसाठी भांडत होते म्हणून. 'मी नदी आहे, नदी म्हणजे मी' हे त्यांचं म्हणणं साधनमूल्यातही बसत नाही आणि अंगभूत मूल्यातही. ते नात्याचं मूल्य आहे. नीलकमल पहिल्याच प्रतिसादात त्याच्या जवळ होत्या, त्यांना उगाच उडवून लावलं.

नीलकमल

धन्यवाद मुक्ता 🙂

रानपिंगळा

मुक्ता, उडवलं नाही, फरक सांगितला. नात्याचं मूल्य जिथे नातं जिवंत आहे तिथे सगळ्यात बळकट, हे मान्य. पण ज्या दलदलीशी, ज्या गवताळ माळाशी कुणाचंच नातं उरलेलं नाही, तिथे तुम्ही काय म्हणाल?

मुक्ता_व

'कुणाचंच नातं नाही' असं नकाशा काढणाऱ्याला वाटतं. आधी तिथे जाऊन चौकशी करा, मग बोलू.

कलम_कसाई

अंगभूत मूल्याच्या बाजूला आणखी एक गाठ आहे: मूल्य नक्की कुणाचं, एकेका प्राण्याचं, प्रजातीचं की अख्ख्या जंगलाचं? इटलीत 1948 साली आणलेली अमेरिकन करडी खार तिथल्या तांबड्या खारीला हटवत होती आणि झाडांच्या साली सोलत होती. 1997 साली तिला छोट्या क्षेत्रातून काढायचा प्रयोग सुरू झाला. प्राणिहक्क संघटना कोर्टात गेल्या, काम थांबलं. संबंधित संशोधक अपिलात निर्दोष सुटले तोवर 2000 साल उजाडलं, आणि खार इतकी पसरली होती की संपूर्ण उच्चाटन हाताबाहेर गेलं. दोन्ही बाजू अंगभूत मूल्याचंच बोलत होत्या. निवेदनात 'निसर्ग' असं मोघम लिहू नका. 'या खोऱ्यातली ही परिसंस्था आणि या प्रजातींची इथली संख्या' असं लिहा.

सुमेधा_ज

एवढं सगळं वाचून मसुद्याचा क्रम बदलायचा विचार आहे. आधी जे परत आणताच येत नाही ते मांडायचं: फक्त तिथेच असलेल्या प्रजाती, वयस्क जंगलाची रचना, न अडवलेला प्रवाह. त्याची रक्कम लिहायची नाही. नुकसान होणार नाही हे दाखवायची जबाबदारी प्रकल्पाची, एवढीच मागणी. रक्कम यायची ती त्यानंतर, प्रकल्पाच्या स्वतःच्या हिशेबातल्या चुकांसाठी: सवलतीचा दर, गाळामुळे घटणारी साठवण, न धरलेले खर्च. म्हणजे जंगलाची किंमत आम्ही सांगायची नाही, प्रकल्पाची तपासायची. हे जमेल?

हिशेबनीस

जमेल, आणि मला हे आवडलं. फक्त दर तपासताना दोन-तीन वेगळ्या दरांवर निकाल काढून दाखवा. नफा-खर्चाचं गुणोत्तर कुठल्या दराला 1 च्या खाली येतं तो दर नोंदवा. तो आकडा प्रकल्पाच्या दराच्या जवळ असेल तर मुद्दा जड होतो. फार लांब असेल तर तो परिच्छेद काढून टाका, उगाच कमकुवत बाजू दाखवू नका.

पाटबंधारे_निवृत्त

साठवणीसाठी अहवालातला गाळाचा दर आणि त्याच खोऱ्यातल्या जुन्या जलाशयाचा प्रत्यक्ष मोजलेला दर शेजारी ठेवा. गाळाचा अंदाज कमी धरलेला आढळणं ही नेहमीची गोष्ट आहे.

कलम_कसाई

एक हरकत. 'रक्कम लिहायची नाही' हे तुम्ही ठरवलंत, तरी भरपाईचा दर समोरचा लावेलच. परवानगी मिळाली तर जंगलाची किंमत कुणाला तरी भरावी लागते, आणि तुम्ही आकडा दिला नाहीत तर त्यांचा आकडा बिनविरोध राहतो. मी असतो तर पर्यायी विनंती म्हणून शेवटी एक परिच्छेद ठेवला असता: 'आमची मूळ मागणी नाकारली गेली तरच.'

रानपिंगळा

आणि तो परिच्छेद वाचला की मूळ मागणी नाकारायची वाट त्यांना आयती मिळते. मी नसता ठेवला.

कलम_कसाई

दिवाणी दाव्यात पर्यायी मागणी रोज ठेवतात, त्याने मूळ मागणी कमकुवत धरली जात नाही.

रानपिंगळा

दाव्यात न्यायाधीश वाचतो. निवेदन ज्याच्या टेबलावर जातं त्याला फाइल पुढे ढकलायची असते.

सुमेधा_ज

मग तो परिच्छेद तूर्त वेगळ्या कागदावर लिहून ठेवते. परिशिष्टातलं दराचं पान मिळालं की आकडे इथेच टाकते, हिशेबनीस, तेवढे तपासून द्या.